साडेनऊची रेघ

पैज लावली तेव्हा मी हसत होते, हे मला चांगलं आठवतं. नवरा समोर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होता. तो म्हणाला, "साडेनऊ." मी एका क्षणात म्हणाले, "खाली." इतक्या झटक्यात मी भाजीचा भावसुद्धा कधी ठरवला नाही.

आम्ही तेव्हा कतारला, दोह्यात, अल गराफाच्या बाजूला राहत होतो. तो पाण्याच्या प्लांटवर मेंटेनन्सचा इंजिनिअर होता आणि मी त्याच्या व्हिसावर आलेली बायको. पुण्यात मी संख्याशास्त्रात एम.एस्सी. केलं होतं, पहिल्या वर्गात. दोह्यात त्याचा उपयोग किराणा मोजायला. आम्ही दोघं एकाच कॉलेजातले, म्हणून एकमेकांना अरे-तुरे. सासूबाईंना ते शेवटपर्यंत खुपलं.

शुक्रवार म्हणजे क्रिकेट. वेस्ट बे म्हणजे त्या काळी समुद्रात भर घालून केलेली मोकळी रेती. तिथे आणि आणखी दोन-चार जागी सिमेंटच्या पट्टीवर काथ्याची चटई ठोकून सामने चालायचे. दहा कंपन्यांचे दहा संघ, प्रत्येकाने प्रत्येकाशी दोनदा खेळायचं, म्हणजे एका संघाचे अठरा सामने. ऑक्टोबरात सुरुवात, मार्चपर्यंत खलास. आमच्या प्लांटच्या संघात फिटर होते, वेल्डर होते, ड्रायव्हर होते. कुणी साताऱ्याकडचा, कुणी रत्नागिरीचा, दोन मल्याळी, एक श्रीलंकेचा. बहुतेकांची बायकापोरं गावाकडे. आठवड्याचे सहा दिवस ते वाफेत आणि उन्हात उभे राहायचे आणि सातव्या दिवशी पांढरे कपडे घालून यायचे. कप्तान माझा नवरा.

रेघेची पद्धत आमच्याकडे एका अमेरिकन ड्रिलिंग इंजिनिअरने आणली. त्यांच्याकडे म्हणे हंगाम सुरू व्हायच्या आधीच प्रत्येक संघापुढे एक आकडा लावतात, त्यालाच रेघ म्हणायचं: हा संघ किती सामने जिंकेल. तुम्ही म्हणायचं, त्याच्या वर किंवा खाली. आकडा नेहमी अर्ध्याचा, साडेसात, साडेदहा, म्हणजे नेमका तेवढाच झाला असा वाद उरत नाही. पैसे लावणं कतारमध्ये गुन्हा, आणि आमच्यातल्या निम्म्यांना ते हराम. म्हणून आम्ही जेवणं लावायचो. ज्याचा अंदाज चुकेल त्याच्या घरी सगळ्यांना बिर्याणी.

हे आकडे कोण काढणार, असा प्रश्न आला तेव्हा नवरा म्हणाला, "माझी बायको काढेल, ती रिकामीच असते." त्या 'रिकामी'बद्दल त्याला आठवडाभर फोडणीचं वरण मिळालं नाही. पण काम मला आवडलं. खरं सांगायचं तर दोह्यातल्या त्या वर्षांत मला मनापासून आवडलेलं ते एकच काम.

मुलगी शाळेत गेली की दुपारी मी चौकटीचा कागद पसरायची. आधी प्रत्येक संघाचं वजन. ते नुसत्या विजयांवरून काढायचं नाही, कारण विजय लबाड असतात. दोन धावांनी जिंकलेला सामना आणि ऐंशी धावांनी जिंकलेला सामना, दोन्ही एकच मोजले जातात. म्हणून मी धावांचा फरक घ्यायची, समोरचा संघ किती तगडा होता तेही बघायची, आणि आलेला आकडा थोडा मधल्याकडे ओढायची, कारण एका हंगामात नशिबाचा वाटा बराच असतो. मग दोन संघांच्या वजनांत इतका फरक असला की तगडा संघ शंभरात किती वेळा जिंकतो, हे मागच्या तीन हंगामांच्या सामन्यांवरून ठरवायचं. तसे अठरा सामन्यांचे अठरा आकडे.

लोक इथे एक चूक करायचे. त्या अठरा आकड्यांची बेरीज करून थांबायचे. बेरीज सरासरी सांगते, पण रेघेला सरासरी पुरत नाही. नऊ सरासरी असलेला संघ सहाही जिंकतो आणि बाराही जिंकतो. किती वेळा सहा, किती वेळा बारा, ते कळल्याशिवाय वर की खाली कसं ठरवणार? म्हणून मी ओळीखाली ओळ लिहायची. पहिल्या सामन्यानंतर दोनच शक्यता, शून्य विजय किंवा एक. दुसऱ्यानंतर तीन. प्रत्येक शक्यतेला कागदावर एक घर. प्रत्येक सामन्याला प्रत्येक घरातला, जिंकण्याच्या शक्यतेइतका हिस्सा एक घर उजवीकडे सरकायचा, बाकीचा तिथेच राहायचा. अठराव्या ओळीत एकोणीस घरं भरायची, शून्यापासून अठरापर्यंत. मध्ये उंच, कडेला उतरतं. वाळूचा ढीग ओतावा तसं. मग रेघ कुठे पडते आणि ढिगाचा किती भाग कुठल्या बाजूला राहतो, तेवढं मोजायचं.

शेवटी तो ढीग आणखी जरा पसरट करायचा. कारण माझं वजनच चुकलेलं असू शकतं. हा शेवटचा भाग त्या अमेरिकनाला फार आवडला. तो म्हणाला, "मॅडम, आणखी एक. एखाद्याने तुला फारच उदार रेघ दिली, तर आधी विचार, याला असं काय माहीत आहे जे मला नाही?" मी ते वाक्य पाठ केलं. पुढे दर हंगामाच्या आधी आमच्या हॉलमध्ये बसून नव्या लोकांना तेच ऐकवत राहिले, अगदी माझंच असल्यासारखं.

मी स्वतः एक नियम केला होता. नवऱ्याच्या संघाची रेघ मी काढणार नाही. लोक म्हणतील, घरचाच कारभार. ती रेघ तो सांगायचा आणि मी वर किंवा खाली म्हणायची. तेवढीच आमच्या दोघांची पैज.

त्या वर्षी सप्टेंबरमध्ये माझ्या सरांचं पत्र आलं. कॉलेजात पुढच्या जूनपासून लेक्चररची एक जागा निघणार होती. "तू येणार असशील तर मी शब्द टाकतो," असं त्यांनी लिहिलं होतं. मी ते पत्र तीनदा वाचून नवऱ्यासमोर ठेवलं. मुलीला घेऊन मी पुण्याला जायचं, त्याने करार संपेपर्यंत इथे राहायचं आणि सुट्टीत यायचं. त्याने पत्र वाचलं, घडी घातली, म्हणाला, "बघू."

हा 'बघू' महिनाभर चालला. मी विचारलं की बघू, जेवताना बघू, सूकमध्ये, म्हणजे तिथल्या बाजारात, मसाला घेताना बघू. मला माहीत होतं त्याची अडचण काय ते. तो एकटा पडेल, त्याची आई म्हणेल सून नोकरीसाठी नवरा सोडून आली. पण त्याने हे तोंडाने म्हणावं तरी! मी चिडून चिडून कोरडी झाले. आणि तशात रेघांचा दिवस आला. पाहुणे निघून गेले, हॉलमध्ये शेंगांची टरफलं राहिली, आणि मी म्हणाले, "या वर्षी बिर्याणी नको. रेघेच्या खाली गेलात तर मी जूनमध्ये पुण्याला जाणार. वर गेलात तर करार संपेपर्यंत इथेच राहीन, आणि पुन्हा विषय काढणार नाही."

तो बराच वेळ शेंगा फोडत राहिला. मग म्हणाला, "साडेनऊ."

मला हसूच फुटलं. कागद माझ्या डोक्यात तयार होता. मागच्या हंगामात त्यांनी अकरा जिंकले होते, पण त्यातले चार अगदी काठावर, आणि हरले ते दणकून. धावांचा हिशोब जवळजवळ बरोबरीचा. त्यात दुसऱ्या दोन कंपन्यांनी नवे खेळाडू आणलेले. माझी सरासरी नऊला थोडी कमी येत होती. साडेनऊच्या खाली राहण्याची शक्यता शंभरात साठ. कप्तानाची फुशारकी, दुसरं काय! मागचे अकरा डोक्यात गेलेत, असं मी मनात म्हणाले.

"खाली," मी म्हणाले.

"पैज म्हणजे पैज?" त्याने विचारलं.

"पैज म्हणजे पैज. मागाहून रडारड नाही. तुझी नाही, माझीही नाही."

शंभरात साठ म्हणजे फार नाही, हे मला कळत होतं. पण 'बघू'पेक्षा साठ पुष्कळ होते.

डिसेंबरअखेर त्यांचे नऊ सामने झाले होते, पाच जिंकलेले. आणि तेव्हाच त्यांचा एकुलता एक वेगवान गोलंदाज गावी परतला. साताऱ्याकडचा वेल्डर होता तो, नवऱ्याच्याच सेक्शनमधला. चटईवर त्याचा चेंडू असा उसळायचा की समोरचे फलंदाज हातमोजे झटकत बसायचे. प्लांटवरचं वेल्डिंगचं काम संपलं आणि त्याचा करारही संपला. माझ्या हिशोबात तो एकटा सामन्याला वीस धावांचा होता. मी कागद काढला. उरलेल्या नऊपैकी पाच जिंकले तर ते दहावर पोचणार. त्याच्याशिवाय ही शक्यता शंभरात तेराच्या आसपास.

मी मनाने पुण्यात गेले. मुलीसाठी कुठली शाळा, स्कूटर घ्यायची का, पहिल्या तासाला काय शिकवायचं. खडू हातात धरल्याचं स्वप्नही पडलं. नवऱ्याला मी टोमणे मारायची, "काय कप्तान, साडेनऊ ना?" तो हसायचा. त्या हसण्यात एक निवांतपणा होता, आणि मला वाटायचं, हा हरलाय आणि खिलाडूपणाने घेतोय.

मग ते जिंकायला लागले. का, ते मला आजही सांगता येणार नाही. एका शुक्रवारी वाळूचा वारा सुटला आणि समोरच्या फलंदाजांना चेंडूच दिसेना. एकदा श्रीलंकेच्या पोराने एका हाताने असा झेल घेतला की त्याला स्वतःलाही विश्वास बसेना. एकदा समोरच्यांचे दोघे एकाच टोकाला धावले. सतरा सामने झाले तेव्हा नऊ विजय होते. शेवटचा सामना तळाच्या संघाशी, म्हणजे आमच्यासारखे दुबळे विरुद्ध त्यांच्यासारखे दुबळे. नाणं उडवण्यासारखं.

त्या शुक्रवारी मी थर्मास घेऊन गाडीच्या सावलीत बसले होते. शेजारी मुलगी. शेवटची जोडी, शेवटचा चेंडू, दोन धावा हव्या. एक काढली तर बरोबरी, आणि बरोबरी म्हणजे विजय नाही. खेळायला माझा नवरा. मी आयुष्यात पहिल्यांदा देवाकडे त्याचं वाईट मागितलं. नुसती बॅट फिरवून चेंडू चुकवला असता तरी कुणी त्याला बोल लावला नसता, चटईवर भले भले चुकतात. त्याने पाय पुढे टाकला आणि चेंडू कव्हरमधून असा मारला की तो सीमेबाहेर रेतीत रुतेपर्यंत कुणी धावलंच नाही.

पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं. "यल्ला, कप्तान!" म्हणून सगळे ओरडत होते. मल्याळी ड्रायव्हर चक्क रडत होता. खांद्यावर बसलेला माझा नवरा मात्र माझ्याकडे बघत होता आणि हसत नव्हता. मला वाटलं, जिंकला आणि आता आनंद लपवतोय.

मुलीने माझा पदर ओढला. "आई, डिड वी विन?"

"हो," मी म्हणाले. "बाबा जिंकले."

परत येताना गाडीत तो म्हणाला, "ऐक. ती पैज राहू दे. तू जा जूनमध्ये."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतके दिवस 'बघू', आणि आता जिंकून झाल्यावर दानधर्म! "मला भीक नकोय," मी म्हणाले. "ठरलं ते ठरलं."

"अगं, मी मनापासून..."

"पैज म्हणजे पैज. तूच विचारलं होतंस ना?"

त्याने आणखी दोनदा विषय काढला, दोन्ही वेळा मी उठून आत गेले. मग त्याने सोडून दिलं. सरांना मी लिहिलं, घरगुती अडचणीमुळे जमणार नाही. जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. पुढची दोन वर्षं मी त्या घरात जेवायला वाढलं, पाहुणे केले, सगळं केलं, पण नवऱ्याशी मोकळेपणाने हसले नाही. रेघा काढणंही सोडलं. विचारायला कुणी आलं की सांगायची, कप्तानांना विचारा, त्यांचे आकडे बरोबर येतात.

करार संपला, आम्ही पुण्याला आलो. कॉलेजात आता जागा नव्हती, आणि असती तरी मधल्या वर्षांचं काय सांगणार होते? मी घरी दहावी-बारावीच्या शिकवण्या घ्यायला लागले. वाईट चाललं होतं असं नाही. पण पुस्तक उघडलं की जरा दुखायचं.

असाच एके दिवशी तो साताऱ्याकडचा वेल्डर दारात उभा राहिला. हातात गुळाची ढेप. पुण्यात पाहुण्याकडे आला होता, साहेबांना भेटून जावं म्हणाला. नवरा दूध आणायला गेला होता. मी त्याला बसवलं, पाणी दिलं, आणि बोलायचं म्हणून म्हणाले, "तुम्ही ऐन हंगामात गेलात. तुमच्याशिवाय संघ कसा जिंकला, आजही कोडं आहे."

"आवो वैनी, त्ये ऐन हंगामातलं न्हवतं," तो म्हणाला. "सायबांनी मला सप्टेंबरातच सांगितलं हुतं, काम डिसेंबरात खलास हाय, तवर तू गावाकडं काय ती सोय बघ. कुनाला बोलू नगो म्हनले, पोरं आत्ताच खचतील."

"सप्टेंबरात?"

"व्हय की. त्येंच्याच सहीनं गेला न्हवं का कागद."

मी चहा ठेवायला म्हणून आत आले. याला असं काय माहीत आहे जे मला नाही? दर वर्षी दुसऱ्यांना ऐकवलेलं ते वाक्य मी स्वतःला एकदाही विचारलं नव्हतं. रेघ उदार आहे हे मला त्याच दिवशी दिसलं होतं. मी तिला फुशारकी म्हणून मोकळी झाले. त्याला फुशारकी मारता येत नाही, हे त्याच्याबरोबर इतकी वर्षं राहून मला माहीत होतं. कागदावर कुठे लिहिलं नव्हतं, इतकंच.

पाहुणा जेवून गेला. मी नवऱ्याला विचारलं, "तुला माहीत होतं, गोलंदाज जाणार ते. म्हणून साडेनऊ म्हणालास."

तो टीपॉयवरचे कप गोळा करत होता. म्हणाला, "दहा कुठून जिंकणार होतो आम्ही?"

"मग सरळ जा म्हणायचं होतंस!"

"सरळ म्हटलं असतं तर तू गेली असतीस? माझं जेवण, माझी आई, सगळं काढून बसली असतीस. मला तुझ्याशिवाय राहायचं नव्हतं, ते माझ्या तोंडावर दिसलं असतं आणि तू थांबली असतीस. जिंकून गेली असतीस तर मान वर करून गेली असतीस."

"आणि शेवटचा चेंडू? तो चुकवता आला असता."

आता त्याने कप खाली ठेवले. "त्या पोरांचा सगळ्या आठवड्यात तेवढा एक दिवस होता, गं. आपल्या घरातलं भांडण मिटवायला मी त्यांचा शुक्रवार कसा घेणार?"

दुसऱ्या दिवशी शिकवणीची मुलं गेल्यावर मी चौकटीचा कागद घेतला आणि सगळं पुन्हा मांडलं, या वेळी गोलंदाज अर्धाच हंगाम आहे असं धरून. सरासरी साडेसातच्याही खाली आली. दहा किंवा जास्त विजयांची शक्यता सहात एक. फासा टाकला आणि नेमकं नको ते दान पडलं, एवढंच झालं होतं. त्याने मला सहातली पाच घरं दिली होती.

तो मागे येऊन उभा राहिला. "किती आलं?"

"सहात एक."

"मग रेघ बरोबरच होती माझी," तो म्हणाला, आणि कागदावरून हात फिरवून आत गेला.

बरोबरच होती. मी हे त्याला मोठ्याने म्हणाले की नाही, ते आता आठवत नाही. तो जाऊन बरीच वर्षं झाली. पैज हरल्याचं मला आता वाईट वाटत नाही; सहात एक कधी ना कधी येतंच, हे मी शेकडो मुलांना शिकवलं. मला ती गाडी आठवते. तो "तू जा" म्हणाला होता, तेव्हा ना रेघ होती, ना वर, ना खाली. मी फक्त बरं म्हणायचं होतं.